आजीचा जुना चार्जर आणि रात्रभराची टुंग टुंग

प्रश्न: आजीला नवा फोन घेतला. तिच्या जुन्या बटणांच्या फोनचा चार्जर अजून ठणठणीत आहे, म्हणून ती नवा घेऊ देत नाही. वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावून तोच वापरते, पण रात्रभर लावूनही फोन भरत नाही. “चार्जर चांगला आहे, मग चालत का नाही?” असं ती विचारते. तिला पटेल असं काय सांगू?

उत्तर:

आजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करा. चार्जर बिघडलेला नाही. तो नव्या फोनच्या मानाने फार लहान आहे आणि मुका आहे. पिनचा आकार वेगळा असणं ही या भानगडीतली सगळ्यात किरकोळ गोष्ट. पण नेमकी तीच डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे कन्व्हर्टर आणायला धावतात आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो.

बार्शीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नोकियाच्या जाड पिनपासून आतापर्यंत सगळे चार्जर या काउंटरवरून गेले. तुमचाच प्रश्न घेऊन मागच्या हिवाळ्यात एक आजी आणि त्यांची अकरावीतली नात आल्या होत्या. त्या दोघींचं जे बोलणं झालं त्यातच तुमचं उत्तर आहे. मी मध्ये फक्त मीटर लावायला होतो.

आजींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला चार्जर काढला. काळा, वायर ठोकळ्यालाच जोडलेली, टोकाला मायक्रो पिन आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढा पांढरा कन्व्हर्टर. “ह्यो सात वर्षं चालतोय. एकदा बिघडला न्हाई. आणि ही म्हणती फेकून दे.”

“फेकून दे नाही म्हटलं, आजी. नव्या फोनला लावू नको म्हटलं. फोन फुटेल.”

“फुटल? सात वर्षांत फुटला न्हाई तो आताच कसा फुटल?”

इथे मी नातीच्या विरोधात साक्ष दिली. लहान चार्जरने मोठा फोन फुटत नाही. भीती दाखवून तुम्ही आजींना गप्प कराल, पण चार दिवस काही फुटलं नाही की तुमचं कुठलंच म्हणणं त्या ऐकणार नाहीत. लहान चार्जरवर फोनचा भार आला तर ताण येतो तो चार्जरवर. तो तापतो, बंद पडतो आणि अगदीच हलका माल असेल तर त्याचं प्लॅस्टिक वितळतं. फोनच्या आत त्याचं स्वतःचं चार्जिंग सर्किट असतं. बॅटरीत किती आणि कसं भरायचं ते तोच ठरवतो. बाहेरचा ठोकळा, ज्याला आपण चार्जर म्हणतो, तो खरं तर फक्त पुरवठादार आहे.

मग आजींनी मूळ तक्रार सांगितली. “रात्री लावला की टुंग करतो. जरा वेळानं परत टुंग. रात्रभर टुंग टुंग. सकाळी बघावं तर बारा टक्के. फोनच खराब दिला का काय तुमी लोकांनी?”

ही टुंग टुंग फार कामाची खूण आहे. तुमच्या आजींना विचारा की त्यांचाही फोन असं करतो का. चार्जर लागल्याचा आवाज सारखा येत असेल तर याचा अर्थ पुरवठा सुरू होतोय, तुटतोय, पुन्हा सुरू होतोय. का, ते पुढे सांगतो.

आधी ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचायला मी नातीला भिंग दिलं. तिने वाचलं:

```
Output: 5V⎓550mA
```

मग नव्या फोनच्या खोक्यावर बॅटरी वाचली, ५००० एमएएच. आणि जुना फोन आजींच्या कनवटीलाच होता. त्याची बॅटरी काढून पाहिली, १००० एमएएच.

“म्हणजे काय?” आजी.

नातीने जरा विचार केला. “आजी, तुझा जुना फोन म्हणजे तांब्या. नवा फोन म्हणजे हंडा. पाच तांबे मावतील एवढा. नळ मात्र तोच, करंगळीएवढ्या धारेचा.”

“मग उशीर लागल. लागू दे. मला काय घाई हाय? रात्रभर लावीन की.”

आजींचा हा मुद्दा बिनतोड होता. नुसता उशीर लागत असता तर मीही म्हटलं असतं, वापरा. म्हणून आम्ही हिशेब मांडला. पाच व्होल्ट गुणिले ०.५५ अँपिअर म्हणजे २.७५ वॅट. हा चार्जर जास्तीत जास्त इतकंच देऊ शकतो, तेही नवा असताना. फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे १९.२५ वॅट-तास. भागाकार केला तर बरोबर सात तास येतात. पण विजेचा काही भाग वायरीत आणि फोनच्या सर्किटमध्ये उष्णता होऊन जातो, त्यामुळे ते साडेआठ तासांच्या घरात जातं. शिवाय नवा फोन झोपलेला असतानाही नेटवर्क धरून असतो, संदेश घेत असतो, थोडं खात असतो. आणि आजी संध्याकाळी चार्जिंगला लावूनच कीर्तनाचे व्हिडिओ बघतात. स्क्रीन चालू असली की फोन स्वतःच दोन वॅटच्या आसपास घेतो. म्हणजे नळातून येणारं पाणी तसंच खालच्या तोटीने वाहून चाललं. टक्केवारी जागची हलत नाही आणि माणसाला वाटतं बॅटरी खराब.

जुन्या फोनचं असं नव्हतं. १००० एमएएचची बॅटरी, स्क्रीन चिमूटभर, इंटरनेट नाही. साडेपाचशे मिलिअँपिअरवर तो दोन-अडीच तासांत भरायचा. त्या जोडीत चार्जर अगदी मापाचा होता. आजींना तो चांगला वाटतो याचं कारण तो खरंच चांगला होता, त्या फोनसाठी.

हिशेब कागदावरचा असतो, म्हणून मी मीटर लावला. चार्जर आणि फोन यांच्या मध्ये बसणारा हा आगपेटीएवढा मीटर असतो. त्याला मायक्रोचं तोंड असतं तसं सी टाइपचंही, आणि व्होल्ट, अँपिअर समोर दिसतात. काही लागलेलं नसताना आजींचा चार्जर ५.१ व्होल्ट दाखवत होता. सात वर्षांच्या मानाने झकास. मग आजींचा तो पांढरा कन्व्हर्टर घालून फोन लावला. अँपिअरचा आकडा झपकन ०.९ पर्यंत चढला, व्होल्ट कोसळले आणि सगळं शून्य. फोनने टुंग केलं. दोनेक सेकंद गेले, पुन्हा ५.१, पुन्हा ०.९, पुन्हा शून्य. पुन्हा टुंग.

“हीच, हीच टुंग!” आजी स्टुलावरून उठल्याच.

हे का होतं ते नीट सांगतो, कारण वीस रुपयांच्या कन्व्हर्टरचं सगळं गुपित यात आहे. सी टाइपच्या पिनमध्ये वीज आणणाऱ्या तारांखेरीज एक छोटा संपर्क असतो, त्याला सीसी म्हणतात. समोरून किती प्रवाह मिळणार आहे याचा अंदाज फोन त्यावरून बांधतो. कसा? तर केबलमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये बसवलेल्या एका रेझिस्टरवरून. जुन्या पद्धतीच्या चार्जरसाठी तो ५६ किलोओहमचा हवा. त्याचा अर्थ, “पुढे साधा यूएसबी चार्जर आहे, त्याच्या बेताने घे.” तिथे १० किलोओहमचा बसवला तर अर्थ होतो, “पुढे तीन अँपिअरचा दणकट चार्जर आहे, खुशाल ओढ.” मी मल्टिमीटरने मोजलं तेव्हा आजींच्या कन्व्हर्टरमध्ये दहा निघाला. म्हणजे तो पांढरा तुकडा फोनला धडधडीत खोटं सांगत होता. फोन विश्वासाने ओढायला जायचा, साडेपाचशेच्या चार्जरचा दम निघायचा, त्याचं संरक्षण सर्किट पुरवठा तोडायचं, जरा वेळाने पुन्हा चालू करायचं. रात्रभर हेच. बरेच फोन समोरचे व्होल्ट पडताना पाहून स्वतःच मागणी कमी करतात, पण त्याआधीच चार्जरने मान टाकली तर फोन तरी काय करणार.

ही चूक नवी नाही. सी टाइप बाजारात आला तेव्हा, २०१५ साली, गुगलमधले बेन्सन ल्युंग नावाचे अभियंता बाजारातल्या केबली विकत आणून एकेक तपासत होते आणि कितीतरी केबलींमध्ये त्यांना हाच चुकीचा रेझिस्टर सापडला होता. अधिकृत नियमांत मायक्रोचं सी करणाऱ्या कन्व्हर्टरला परवानगी आहे, ५६ किलोओहमचा असेल तर. म्हणजे कन्व्हर्टर ही वस्तूच वाईट, असं नाही. पण बाहेरून बघून बरा-वाईट ओळखता येत नाही आणि टोपलीतून वीस रुपयांना उचललेल्यावर भरवसा कोण ठेवणार?

मग मी माझ्याकडचा, मोजून ठेवलेला धड कन्व्हर्टर लावला. आता टुंग एकदाच झाली. मीटरवर ४.५५ व्होल्ट, ०.४६ अँपिअर. साधारण २.१ वॅट. पाचातले बाकीचे व्होल्ट कुठे गेले? काही चार्जरच्या आत भाराखाली पडले, काही त्या केसासारख्या वायरीत. या चार्जरच्या वायरीत दोनच तारा होत्या आणि मायक्रो पिनमधल्या माहिती नेणाऱ्या दोन पिना मोकळ्या, त्यामुळे पुढे चार्जर कुठला ते फोनला कळेना. म्हणून फोनने सावध राहून पाचशे मिलिअँपिअरच्या आतच घेतलं. फोनच्या लॉक स्क्रीनवर `Charging slowly` असं आलं. मी चहा सांगितला. अर्ध्या तासाने फोन बारावरून पंधरा टक्क्यांवर.

“अर्ध्या तासात तीन,” नात म्हणाली. “आजी, पूर्ण भरायला तुला उद्या सकाळी बाजार करून परत यावं लागेल.”

आजी गप्प झाल्या, पण हरल्या नव्हत्या. त्यांनी फोनचं खोकं पुढे ओढलं. आत केबल होती, चार्जर नव्हता. “ह्यात चार्जर का दिला न्हाई मग? दुकानदार म्हणाला, घरात असतोच की जुना. कचरा कमी व्हावा म्हणून देत न्हाईत. आता तू म्हणतोस जुना चालत न्हाई. मग कुणाचं खरं?”

याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, आणि तुमच्याकडे असेल तर मलाही कळवा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा सी टाइपचा चार्जर घरात असेल तर त्या युक्तिवादात तथ्य आहे. बटणांच्या फोनवरून उडी मारणाऱ्या माणसाच्या घरात तो असतच नाही, आणि पहिला स्मार्टफोन घेणारी बहुतेक आजी-आजोबा मंडळी याच गटातली. त्यांना खोक्याबाहेर वेगळे पैसे मोजावे लागतात. आजींचा राग मला रास्त वाटतो.

पण पिन बदलण्यामागे नुसती लूट आहे, हे आजींचं दुसरं म्हणणं मी मान्य केलं नाही. त्यांना मी दोन्ही पिना भिंगाखाली दाखवल्या. मायक्रो पिन एका बाजूने निमुळती, पाच संपर्कांची. उलटी घातली तर जात नाही, आणि चष्म्याविना अंधारात जोर लावून घातली की फोनच्या जॅकमधली जीभ तुटते. माझ्याकडे ज्येष्ठांचे फोन या एका दुखण्यासाठी किती यायचे त्याला गणती नाही. सी टाइप दोन्हीकडून सारखी, लंबगोल, २४ संपर्कांची. उलटसुलट प्रश्नच नाही. तिचे नियम २०१४ साली ठरले. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना ती कायद्यानेच सक्तीची आहे. म्हणजे आज घेतलेला चार्जर पुढच्या फोनलाही, आणि नातीच्या फोनलाही लागणार. नोकियाच्या काळात घरात चार फोन असले तर चार पिना असायच्या, हे आजींना आठवत होतं. “व्हय, तुझ्या आजोबाची जाड पिन अन् माझी बारीक,” त्या नातीला म्हणाल्या. “भांडणं व्हायची.”

आता मुका म्हणजे काय ते. आजींना हे समजावताना नात अडखळली. व्होल्ट, प्रोटोकॉल असं काहीतरी ती सुरू करणार, एवढ्यात मी शोकेसमधला २० वॅटचा चार्जर काढला, मीटरमधून फोनला जोडला आणि म्हटलं, बघा. मीटरवर आधी ५ व्होल्ट आले. क्षणभर थांबले. मग टपकन ९ झाले आणि १.९ अँपिअर वाहू लागले. सतरा वॅट.

“आपोआप कसं वाढलं?” आजी.

“आजी, ते दोघं बोलले,” नात म्हणाली. “चार्जर म्हणाला, माझ्याकडे पाच व्होल्ट आहेत, नऊ आहेत. फोन म्हणाला, नऊ दे.”

आजींनी मीटरकडे बघितलं, मग जुन्या चार्जरकडे. “म्हंजे पंगतीतला वाढपी. हा विचारतो, भात हाय, पोळी हाय, जिलबी हाय, काय वाढू? आणि माझा हा म्हातारा न विचारता पळीभर आमटीच वाढत सुटतो.”

वीस वर्षांत मी यापेक्षा चांगलं वर्णन ऐकलेलं नाही, आणि ते तांत्रिकदृष्ट्याही तंतोतंत आहे. पीडी नावाच्या पद्धतीत हेच घडतं. जोडणी झाली की चार्जर आपल्याकडच्या व्होल्ट-अँपिअरच्या जोड्यांची यादी पाठवतो. फोन त्यातली एक मागतो. चार्जर हो म्हणतो, व्होल्ट वाढवतो आणि तयार असल्याचं कळवतो. हे बोलणं त्याच सीसीच्या तारेवरून होतं. इतकंच काय, सी टाइपचं तोंड असलेल्या चार्जरमध्ये समोर फोन आहे हे कळेपर्यंत टोकाशी वीजच येत नाही. पंगतीत पान मांडलेलं नसेल तर वाढपी वाढेल कशावर? जुन्या चार्जरच्या पिनवर मात्र बटण चालू केल्यापासून ५ व्होल्ट उभे असतात, पुढे फोन असो वा नसो.

व्होल्ट वाढवायची गरज काय, हे नातीने विचारलं. समजा १८ वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर वायरीतून ३.६ अँपिअर जावे लागतील. नऊवर न्यायचे तर दोनच. वायरीत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून त्याच वायरीत ९ व्होल्टवर नुकसान एक तृतीयांशाहूनही थोडं कमी भरतं. साध्या सी टाइप केबलीची मर्यादाही तीन अँपिअरच असते.

आजींची पुढची शंका अगदी अपेक्षित होती, आणि तुमच्या आजींनाही ती येईल. “एवढा मोठा लावला तर फोन जळंल की. पाणी जास्ती सोडलं तर हंडा वाहतो.” तर नाही. वाढपी जेवणाऱ्याच्या तोंडात कोंबत नाही. ठोकळ्यावर लिहिलेला आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. घ्यायचं किती ते फोन ठरवतो. लॅपटॉपचा ६५ वॅटचा धड चार्जर या फोनला लावला तरी फोन आपले सतरा-अठरा वॅटच घेईल. बॅटरी ८०-९० टक्क्यांपुढे गेली की स्वतःच मागणी कमी करत नेईल. म्हणून शेवटचे दहा टक्के नेहमी रेंगाळतात, तो बिघाड नाही.

उलट बाजूची अडचण मात्र सांगून ठेवतो. काही कंपन्यांची वाढप्याशी बोलायची स्वतःची वेगळी बोली आहे. फोनच्या खोक्यावर ६७ किंवा ८० वॅट लिहिलेलं असतं, पण तो वेग त्याच कंपनीचा चार्जर आणि बहुधा त्याचीच केबल असली तरच मिळतो. बाजारातला चांगला पीडी चार्जर लावला तर असे फोन १०, १५, १८ असे कमी वॅटवर समाधान मानतात. आजींच्या वापराला तेवढं भरपूर आहे. त्यासाठी जादा पैसे खर्च करू नका. नव्या फोनच्या खोक्यात चार्जर आला असेल तर पुढचं काही वाचायची गरजच नाही, तोच लावा.

पंधरा मिनिटांत फोन पंधरावरून तेहेतीसवर आला. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला, गरम झालाय का ते गालाला लावून बघितलं. कोमट होता. तेवढं चालतं. हातात धरवत नाही इतका तापला तर केबल काढा.

चार्जर घेताना मी नातीला काय बघायला लावलं ते तुम्हालाही सांगतो. ठोकळ्यावर या धर्तीची ओळ हवी:

```
Output: 5V⎓3A, 9V⎓2.22A
```

५ च्या पुढे दुसरी जोडी असणं महत्त्वाचं, म्हणजे चार्जरला बोलता येतं. मग भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्याखाली `R-` ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक. मोबाईलच्या चार्जरना ही नोंदणी सक्तीची आहे. खूण कोणीही छापू शकतो, म्हणून `BIS Care` या ॲपमध्ये तो क्रमांक टाकून बघा. उत्पादकाचं नाव ठोकळ्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. रस्त्यावर दीडशेत मिळणाऱ्या “ओरिजिनल”चा क्रमांक टाकला की बहुतेकदा भलताच कारखाना निघतो, किंवा काहीच निघत नाही. आणि केबल खोक्यातलीच वापरा. तिच्या दुसऱ्या टोकाला सी आहे की जुनं रुंद तोंड आहे ते पाहूनच चार्जर घ्या. घरी जाऊन “हे तर बसतच नाही” म्हणत परत येणारे आठवड्यातून दोन तरी असतात.

हलका चार्जर ओळखायची आणखी एक घरगुती खूण आहे. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन वेड्यासारखी वागते. बोट एकीकडे, उघडतं भलतंच, अक्षरं आपोआप उमटतात. केबल काढली की सगळं शहाण्यासारखं. अशा वेळी लोक स्क्रीन बदलायला येतात. स्क्रीन बरी असते. चार्जरमधून येणारा विजेचा गोंधळ स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याला चकवतो. आजींनी हे ऐकून नातीकडे रोखून बघितलं. “बघ. तुझ्या मामाला रातीच्याला मी फोन लावला न्हवता, त्यो आपोआप लागला हुता.” मी खात्रीने सांगू शकत नाही, पण आजींना संशयाचा फायदा द्यायला हरकत नाही.

तुम्ही आज एवढं करा. जुन्या चार्जरवरची `Output` ची ओळ वाचा. १ अँपिअर किंवा कमी असेल तर वरच्यासारखा हिशेब मांडून बघा. २ अँपिअर असेल आणि तोंड वेगळ्या केबलीचं असेल, म्हणजे वायर ठोकळ्याला कायमची जोडलेली नसेल, तर चांगली सी टाइप केबल घेऊन तो चार्जर चालवता येईल. दहा वॅटवर फोन अडीच-तीन तासांत भरतो आणि तिथे नव्या चार्जरचा आग्रह मी धरणार नाही. मग फोन लावून लॉक स्क्रीनवर काय लिहून येतं ते बघा, पाच मिनिटं कान देऊन टुंग टुंग ऐका, दहा मिनिटांनी ठोकळ्याला हात लावा. आवाज वारंवार येत असेल किंवा ठोकळा चटका देत असेल तर तो कन्व्हर्टर काढून टाका. आणि नवा चार्जर लावूनही `Charging slowly` च दिसत असेल तर फोनच्या जॅकमध्ये कापसासारखा मळ दाबून बसलाय का ते उजेडात बघा. पदराआड, पिशवीत राहणाऱ्या फोनमध्ये तो हमखास असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, सुई घालू नका.

जाताना आजींनी नवा चार्जर घेतला, जुनाही परत मागून घेतला. बटणांचा फोन त्या शेतावर नेतात, त्याला तो लागतोच. फक्त दोन्ही काळे, अंधारात चुकतील म्हणून त्यांनी कनवटीचा लाल दोरा तोडून माझ्या काउंटरवरच जुन्याच्या वायरीला बांधला. पांढरा कन्व्हर्टर मी परत दिला नाही. आजींनी तो मागितला होता.